रिलीव्हिंग लेटर आणि एक्सपिरियन्स लेटरमध्ये काय काय असायला हवं : नव्या कंपनीचं व्हेरिफिकेशन अडतं ते इथंच

मी चिपळूणला पीएफ-पेरोलची कामं बघतो. दर दोन-चार आठवड्यांनी कोणीतरी पोरगा मोबाईल पुढे करतो, आणि नव्या कंपनीचा मेल असतो की तुमच्या आधीच्या नोकरीत डिस्क्रिपन्सी आहे, खुलासा द्या. पोरगा घाबरलेला असतो, सोबत वडील असतात, आणि वडिलांना वाटतं पोराने काहीतरी लपवलं. बहुतेक वेळा त्याने काहीच लपवलेलं नसतं, जुन्या कंपनीचं लेटर घाईत लिहिलेलं असतं एवढंच.

आधी दोन्ही लेटरांतला फरक, कारण इथेच गोंधळ होतो. रिलीव्हिंग लेटर सांगतं की राजीनामा मंजूर झाला आणि अमुक तारखेला तुम्हाला कामावरून मोकळं केलं. एक्सपिरियन्स लेटर सांगतं की तुम्ही कधीपासून कधीपर्यंत, कुठल्या पदावर, काय काम केलं. काही कंपन्या दोन्ही एकाच कागदावर देतात, चालतं, पण दोन्ही गोष्टी त्यात असल्या पाहिजेत. नुसतं ‘यांनी आमच्याकडे उत्तम काम केले, पुढील वाटचालीस शुभेच्छा’ असलं लेटर फ्रेम करून लावायला बरं, व्हेरिफिकेशनला शून्य.

आता एक केस सांगतो, नाव नाही, कंपनीचंही नाही. खेड तालुक्यातला मुलगा, लोटे एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत क्यूसी लॅबमध्ये होता. 2 ऑगस्ट 2021 ला अप्रेंटिस म्हणून लागला, वर्षभर स्टायपेंडवर. मग 2 ऑगस्ट 2022 पासून 31 जुलै 2023 पर्यंत ठेकेदाराच्या पेरोलवर, काम तेच, टेबल तेच, साहेब तोच. 1 ऑगस्ट 2023 ला कंपनीच्या पेरोलवर आला. 12 फेब्रुवारी 2025 ला राजीनामा, नोटीस तीस दिवसांची, म्हणजे शेवटचा दिवस 14 मार्च. पण 14 मार्चला धुळवड, आणि शिमग्याला कोकणातला माणूस लॅबमध्ये बसेल काय हो? चार रजा शिल्लक होत्या त्या त्याने 11 ते 14 लावल्या, साहेबांनी सही केली, 17 तारखेला पुण्याला जॉइन झाला.

कंपनीने लेटर दिलं : ‘ऑगस्ट 2021 ते मार्च 2025, क्यूसी केमिस्ट’. बस. मुलाने बायोडाटात तेच लिहिलं, त्याच्या मते खरंच होतं ते.

व्हेरिफिकेशनवाल्यांनी पीएफची सर्व्हिस हिस्टरी मागितली. त्यात दोन ओळी. पहिलीत ठेकेदाराचं नाव, 2 ऑगस्ट 2022 पासून. दुसरीत कंपनी, 1 ऑगस्ट 2023 पासून, आणि एक्झिटची तारीख 10 मार्च 2025, कारण अकाउंटवाल्याने हजेरीपत्रकावरचा शेवटचा दिवस टाकला, रजेचे दिवस बघितलेच नाहीत. 2021 चं वर्ष तर कुठेच नाही, कारण अप्रेंटिस कायद्याखाली घेतलेल्या अप्रेंटिसचा पीएफ कापत नाहीत. म्हणजे लेटर म्हणतं साडेतीन वर्षांवर एकाच कंपनीत, पीएफ म्हणतो त्या कंपनीत दीड वर्षाच्या थोडं वर. समोर पुण्यात बसलेल्या माणसाला लोट्यातली ठेकेदारी काय माहीत, त्याने लाल शेरा मारला.

यावर उपाय खोटं काही लिहिणं नाही, उलट सगळं खरं सुटं सुटं करून लिहिणं आहे. आम्ही कंपनीकडून नवं लेटर घेतलं, त्यात मजकूर साधारण असा :

‘श्री. (आधारवर आहे तसं पूर्ण नाव), एम्प्लॉयी कोड अमुक, हे 2 ऑगस्ट 2021 ते 1 ऑगस्ट 2022 अप्रेंटिस होते. 2 ऑगस्ट 2022 ते 31 जुलै 2023 या काळात ते (ठेकेदार फर्मचं नाव) यांच्यामार्फत आमच्या क्यूसी लॅबमध्ये कामाला होते. 1 ऑगस्ट 2023 पासून ते कंपनीच्या सेवेत क्यूसी केमिस्ट होते. 12 फेब्रुवारी 2025 चा राजीनामा मंजूर करून, 11 ते 14 मार्चची मंजूर रजा धरून, 14 मार्च 2025 रोजी कामकाजाच्या अखेरीस त्यांना कार्यमुक्त केले. नोटीस पूर्ण केली आहे, कोणतेही येणे बाकी नाही.’

तारीख पूर्ण लिहायची, दिवस-महिना-वर्ष. ‘सुमारे तीन वर्षे’ लिहिणाऱ्या एचआरला मी हात जोडतो. पद बदललं असेल तर जॉइन होतानाचं आणि सोडतानाचं दोन्ही लिहायचं, आणि कामाचं वर्णन एका ओळीत खरं खरं. पगार एक्सपिरियन्स लेटरवर नसला तरी चालतो, सॅलरी स्लिपवर असतोच.

पीएफमधली 10 मार्चची तारीख मात्र लेटरने बदलत नाही. एक्झिट टाकलीच नसेल तर नोकरी सोडून दोन महिने झाल्यावर आपण स्वतः पोर्टलवर आधार ओटीपीने टाकू शकतो, पण कंपनीने चुकीची टाकली असेल तर जॉइंट डिक्लरेशन नावाचा दुरुस्तीचा अर्ज करावा लागतो, आणि काही वेळा त्यासाठी परत त्याच कंपनीच्या दारात जावं लागतं. म्हणून शेवटच्या दिवशी लेटर हातात घेतानाच विचारा, ‘पीएफमध्ये एक्झिट कुठली तारीख टाकणार?’ दोन्हीकडे एकच तारीख हवी.

आता लेटरचं वरचं आणि खालचं, जिकडे कोणी बघतच नाही. लेटरहेडवर कंपनीचं नोंदणीचं पूर्ण नाव हवं, बोर्डावरचं लाडकं नाव नाही. प्रायव्हेट लिमिटेड असेल तर सीआयएन, म्हणजे कंपनीचा एकवीस अक्षरी नोंदणी क्रमांक, त्यावरून कंपनी खरंच आहे का ते समोरचा दोन मिनिटांत बघतो. सही करणाऱ्याचं नाव आणि हुद्दा टाईप केलेलं हवं, नुसती वेलबुट्टी आणि शिक्का नको. आणि व्हेरिफिकेशनसाठी ईमेल द्यायचा तो खात्याचा, एचआर मॅडमचा वैयक्तिक नाही. मॅडम सहा महिन्यांत दुसरीकडे जातात, मेल परत येतो आणि शेरा पडतो ‘कंपनीकडून प्रतिसाद नाही’. छोट्या फर्मचा ईमेल जीमेलचाच असतो, ठीक आहे, पण तोच लेटरहेडवर छापलेला असू दे आणि सोबत ऑफिसचा फोन असू दे.

लेटरची तारीख आणि जावक क्रमांक. हसू नका. 2021 च्या पुरात चिपळुणात किती जणांच्या घरातले कागद गेले, नंतर दुसरी प्रत मागायला गेले तर ज्यांच्या लेटरवर नंबर होता आणि नंबर आठवत होता त्यांना जुनी फाईल सापडली, बाकीच्यांना ‘बघतो, पुढच्या आठवड्यात या’. मिळालं त्या दिवशी स्कॅन करून स्वतःला मेल करून ठेवा.

ज्यांचा पीएफच नाही, म्हणजे मालवण-गुहागरकडची छोटी हॉटेलं, वीसपेक्षा कमी माणसं, त्यांनी लेटरसोबत पगार जमा झालेलं बँक स्टेटमेंट ठेवावं. रोखीत पगार घेतलेल्याचं लेटर कोणी पटकन मानत नाही, आणि मालकाला त्याची पडलेली नसते, त्याची सीझन संपली की तो मोकळा. निदान पुढच्या सीझनला पगार खात्यात मागा.

आणि ठेकेदाराकडे होतात तर कंपनीच्या लेटरवर समाधान मानू नका, ठेकेदाराचंही वेगळं लेटर घ्या, त्याच तारखांचं, कारण पीएफच्या ओळीत त्याचं नाव आहे आणि चौकशीचा मेल त्यालाच जाणार. तो म्हणेल ‘आमचं लेटरहेड संपलंय’. दुसऱ्या दिवशी परत जा, ठेका बदलायच्या आत जा, नंतर त्याचं ऑफिसही सापडत नाही.