बाळाच्या गालावरचा डाग आणि त्याखालची त्वचा

बाळाचा सगळ्यात छान फोटो नेमका खाताना निघतो. हसू मनासारखं टिपलेलं असतं, पण गालभर गाजराची प्युरी आणि हनुवटीवर लाळेचा ओघळ. त्वचा मऊ करणारं एखादं फिल्टर लावलं, तर डाग फिका होतो आणि बाळाची प्लास्टिकची बाहुली होते. गालावरची बारीक लव, किंचित खडबडीतपणा आणि कॅमेऱ्यामुळे आलेला बारीक रवाळपणा हे सगळं फिल्टर डागाबरोबरच पुसून टाकतं. त्वचा खरी वाटते ती या तपशिलामुळेच.

म्हणून आधी फोटो मोठा करून एवढंच बघायचं, की डागाखालची त्वचा कॅमेऱ्याला दिसली आहे का?

प्युरी पुसल्यावर राहिलेला पातळ केशरी थर घ्या. त्यातून लव स्पष्ट दिसते. म्हणजे त्वचा शाबूत आहे, फक्त रंग चढलाय. इथे काहीही खोडायची गरज नाही. फोटोशॉपमध्ये मूळ फोटोवर रिकामा लेयर घ्यायचा, त्याचा ब्लेंड मोड `Color` ठेवायचा, डागाच्या अगदी शेजारच्या स्वच्छ त्वचेचा रंग उचलायचा आणि मऊ कडेच्या ब्रशने, २० टक्क्यांच्या आसपास अपारदर्शकता ठेवून हलके हात फिरवायचे. हा मोड खालचा उजेड-अंधार तसाच ठेवतो आणि फक्त रंग बदलतो. आपल्या डोळ्यांना उजेडातले बारीक फरक चटकन कळतात, रंगातले तितके नाहीत. त्यामुळे ब्रश थोडा इकडेतिकडे गेला तरी खपून जातं. रंग मात्र शेजारचाच हवा. बाळाचा गाल मध्यभागी लालसर आणि जबड्याकडे फिका असतो, तेव्हा कपाळाचा रंग गालावर लावला की ठिगळ दिसतं. रंग जुळूनही जागा काळपट राहिली, तर तेवढ्याच भागाचा उजेड कर्व्हने किंचित वर घ्यायचा.

ओठाच्या कोपऱ्यातल्या प्युरीच्या गोळ्याची गोष्ट वेगळी. त्याखालची त्वचा फोटोत नाहीच, ती दुसरीकडून आणावी लागते. हे काम `Healing Brush` करतो. या पद्धतीमागचं गणित पेरेझ, गँग्ने आणि ब्लेक या संशोधकांनी २००३ साली मांडलेल्या एका शोधनिबंधात फार सुबकपणे दिसतं. स्वच्छ जागेवरून रंग उचलायचे नाहीत, तर एका पिक्सेलपासून शेजारच्या पिक्सेलपर्यंत होणारा बदल, म्हणजे पोत, तेवढा उचलायचा. रंग ठरतो दुरुस्त करायच्या जागेच्या कडेवरून. पत्र्याच्या कडा ठरावीक तापमानाला धरून ठेवल्या की आतलं तापमान जसं कडांवरून ठरतं, तसाच कडेचा रंग आत पसरतो. दोन्हीकडे समीकरणांचं कुळ एकच, फ्रेंच गणिती प्वासाँ यांचं.

ब्रश कुठे फसतो तेही यातूनच कळतं. कड ओठाला टेकली तर ओठाचा लालपणा गालात उतरतो. प्युरीचा कण कडेवर राहिला तर केशरी धूसर वलय उमटतं. लोक मग त्याच जागेवर पुन्हापुन्हा ब्रश फिरवतात आणि चिखल वाढवतात. उलट करायला हवं: मागे जाऊन ब्रश गोळ्यापेक्षा थोडा मोठा घ्यायचा, म्हणजे त्याची सगळी कड स्वच्छ त्वचेवर पडेल. गोळ्याची सावलीही त्यात यायला हवी, नाहीतर गोळा जातो आणि सावली तेवढी उरते. ओठाला चिकटलेल्या भागात हा ब्रश वापरूच नये. तिथे ओठाची रेघ सोडून गालाचा भाग सिलेक्ट करायचा आणि `Clone Stamp` वापरायचा. तो रंगासकट जसंच्या तसं उचलतो. नमुना त्याच गालावरचा घ्यावा. दुसऱ्या गालावर उजेड वेगळ्या बाजूने पडलेला असतो.

लाळेत मात्र रंगाचा प्रश्न नसतो, प्रश्न चमकेचा असतो. कोरडी त्वचा खडबडीत असल्यामुळे उजेड विखुरते. लाळेचा गुळगुळीत थर तो आरशासारखा एकाच दिशेला परतवतो. त्या ठिपक्यात लाल, हिरवा, निळा तिन्ही आकडे बहुतेकदा २५५ला, म्हणजे कमाल मर्यादेला, टेकलेले असतात. तिथे माहितीच उरलेली नसल्यामुळे उजेड कमी करणारा स्लायडर ओढला, तर पांढऱ्याचा राखाडी होतो, त्वचा काही परत येत नाही. तिथेही शेजारचा पोतच आणावा लागतो. हे काम वेगळ्या लेयरवर करून त्याची अपारदर्शकता ७०-८० टक्क्यांवर आणली, तर हनुवटीच्या गोलाईची थोडी चमक राहते. खालच्या ओठावरची ओली चमक मी कधीच काढत नाही. ती काढली की ओठ रंगवल्यासारखे दिसतात.

तपासणीसाठी सगळ्यात वर एक कृष्णधवल लेयर टाका. रंग गेला की उजेडातली ठिगळं उघडी पडतात. मग १०० टक्के आकारात बघा: दुरुस्त केलेली जागा शेजारपेक्षा गुळगुळीत वाटली, तर तिथला रवाळपणा हरवला आहे. ती दुरुस्ती पुसून नमुना अधिक जवळून घ्यायचा.