पेंटॅकल्सची दुर्री

भविष्य पाहण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या टॅरो पत्त्यांच्या ७८ पानांपैकी नाण्यांच्या गटातले दुसरे पान. या गटाला इटलीतल्या जुन्या जोडांपासून नाण्यांचा गट म्हणत. पंचकोनी तारा कोरलेल्या नाण्याला पेंटॅकल म्हणण्याची पद्धत नंतरची आहे. नोकरी सांभाळून संध्याकाळचा अभ्यासक्रम करणाऱ्या माणसाने समतोलाबद्दल विचारले आणि हे पान निघाले, तर प्रश्नाला पान अगदी चपखल बसले असे वाटते. नेमकी तिथेच वाचताना चूक होते.

आज सर्वांत प्रचलित असलेले चित्र पामेला कोलमन स्मिथ यांनी आर्थर एडवर्ड वेट यांच्या सूचनेवरून काढले आणि ते १९०९ साली लंडनमध्ये छापले गेले. त्याआधीच्या मार्सेय पद्धतीच्या जोडांत या पानावर माणूस नाही. तिथे फक्त दोन नाणी आणि त्यांना वेढणारी नागमोडी फीत असते, आणि फितीवर पत्ते छापणाऱ्याचे नाव. स्मिथबाईंनी त्या फितीचा आडवा पडलेला आठ केला आणि ती एका नाचणाऱ्या तरुणाच्या हाती दिली. त्याच्या डोक्यावर उंच टोपी आहे, एक पाय उचललेला आहे, आणि मागे खवळलेल्या समुद्रात दोन जहाजे लाटांवर हेलकावत आहेत.

चित्र नीट पाहिले तर दोन्ही नाणी एका पातळीवर नाहीत. एक हात वर आहे, एक खाली. म्हणजे हा तराजू नव्हे. तराजू हवा असेल तर तो ‘न्याय’ या पानावर आहे. इथे फितीतून फिरणारा भार आहे : आत्ता जे खाली आहे ते थोड्या वेळाने वर येणार. या पानाला तारेवरची कसरत म्हणायची सवय पडली आहे, पण हा माणूस तारेवर नाही, जमिनीवर आहे, आणि पाय हलता ठेवल्यामुळेच त्याला ते जमते आहे. गोल्डन डॉन या इंग्लंडमधल्या गूढविद्या मंडळाने पानाला जे नाव दिले त्याचा अर्थ ‘सुसंवादी बदलाचा स्वामी’ असा होतो, आणि ग्रहस्थिती दिली मकरेतल्या गुरूची. गुरू शिक्षणाचा कारक आणि मकर कामाधामाची रास, म्हणून ही जोडी आपल्या पृच्छकाला लागू पडते. मकरेत गुरू नीचीचा असतो हेही लक्षात ठेवावे : शिकणे चालू राहते, पण आखडत्या हाताने.

एक काल्पनिक मांडणी घेऊ. पृच्छकाची नोकरी दहा ते सहा, वर्ग आठवड्यातून तीन दिवस सात ते नऊ. तीन पाने काढली : नोकरीच्या जागी वाँड्सची, म्हणजे काठ्यांच्या गटातली, दश्शी, मध्ये ही दुर्री, अभ्यासाच्या जागी पेंटॅकल्सची अठ्ठी. दश्शीतला माणूस दहा काठ्या अशा कवटाळून चालला आहे की त्याला समोरचे दिसत नाही, तर अठ्ठीतला कारागीर बसून एकेक नाणे घडवतो आहे. थोडक्यात, दमवते आहे ती नोकरी, वर्ग नव्हे. बरेच वाचक इथे ‘अभ्यासक्रम सोडा’ म्हणून मोकळे होतात, आणि मांडणी त्याच्या उलट सांगत असते.

मग दुर्रीचे काय? पुढच्या चार आठवड्यांपैकी कोणत्या आठवड्यात कोणते नाणे वर, हे पृच्छकाकडून कागदावर लिहून घ्यावे. पहिले दोन आठवडे कामाचा ताण कमी, म्हणून अभ्यास वर. तिसऱ्यात हिशेबाची घाई, म्हणून नोकरी वर, आणि वर्गाला फक्त हजेरी. चौथ्यात हिशेबाची शेवटची तारीख आणि चाचणी एकत्र आली, तर दोन्ही नाणी वर, आणि तसे चित्र या पानावर नाही. त्या आठवड्यासाठी आधीच रजा किंवा मुदतवाढ मागावी लागते. वेट यांनी या पानाच्या अर्थांत करमणुकीबरोबर लेखी निरोप आणि अडथळेही दिले आहेत. या पृच्छकापुरता तो लेखी निरोप म्हणजे रजेचा अर्ज, असे मी खुशाल वाचेन.

पान उलटे आले तर वेट ‘ओढूनताणून आणलेला आनंद’ असा अर्थ देतात. कसे चालले आहे असे विचारल्यावर पृच्छक हसून ‘मस्त’ म्हणतो, आणि मागच्या वर्गात काय शिकवले ते त्याला आठवत नाही, तेव्हा हा अर्थ लागू होतो. चित्रात नाणी दोनच आहेत, त्यामुळे झोप आणि घर कुठे बसवले हे वेगळे विचारावे लागते. परीक्षेचा निकाल मात्र हे पान सांगत नाही, इतर पानेही सांगत नाहीत. पत्त्यांना भविष्य कळते याला पुरावा नाही. पृच्छकाला आपला आठवडा समोर मांडून पाहायला लावणे, एवढाच या पानाचा उपयोग धरावा.