‘अधीन राहून’ ते ‘एम्फसिस ऑफ मॅटर’: ऑडिट रिपोर्टमधल्या एका परिच्छेदाची पार्श्वभूमी

जुने वार्षिक अहवाल चाळले की ऑडिटरच्या मताचे एक ठरावीक वाक्य सापडते: ‘टीप क्रमांक अमुकच्या अधीन राहून, हिशेब खरे आणि रास्त चित्र दाखवतात.’ इंग्रजीत ‘सब्जेक्ट टू’. त्या टिपेत काय असायचे? कुठे कोर्टात पडलेला दावा, कुठे न केलेली घसाऱ्याची तरतूद, तर कुठे ऑडिटरला न मिळालेले कागद. हिशेब चुकले आहेत की फक्त पुढचे काही सांगता येत नाही, हे वाचणाऱ्याने टीप उघडून स्वतः ठरवायचे. बँकेचा कर्ज अधिकारीही ते वाक्य वाचून निश्चित काही सांगू शकत नसे. मॅनेजमेंटला मात्र ही संदिग्धता बरीच सोयीची होती.

अमेरिकेत या शब्दांवर पहिला मोठा हल्ला 1978 मध्ये झाला. ऑडिटरच्या जबाबदाऱ्यांचा अभ्यास करणाऱ्या कोहेन आयोगाने ‘सब्जेक्ट टू’ मत बंद करण्याची शिफारस केली. अनिश्चितता समजावून सांगणे हे कंपनीच्या टिपांचे काम आहे. ती नीट सांगितली असेल तर ऑडिटरने मतावर डाग ठेवायचे कारण नाही, असा त्यामागचा विचार होता. तो अंमलात यायला दहा वर्षे गेली. 1988 च्या अमेरिकन मानकाने ‘सब्जेक्ट टू’ काढून टाकले आणि अनिश्चिततेसाठी मतानंतर वेगळा खुलाशाचा परिच्छेद आणला. ब्रिटनने 1993 मध्ये हेच केले. मत न बदलता एखाद्या टिपेकडे वाचकाचे लक्ष वेधणारा आजचा ‘एम्फसिस ऑफ मॅटर’ याच परिच्छेदाचा वारस आहे.

भारतात ‘सब्जेक्ट टू’ बरेच टिकले. चार्टर्ड अकाउंटंटांची संस्था आयसीएआय हिची एसए 705 आणि एसए 706 ही ऑडिटची मानके 1 एप्रिल 2012 पासून सुरू होणाऱ्या वर्षांच्या ऑडिटला लागू झाली, तेव्हा दोन रस्ते उघडपणे वेगळे झाले. हिशेबात चूक असेल किंवा पुरावा मिळाला नसेल तर 705: अमुक बाब सोडून बाकी हिशेब ठीक म्हणणारे क्वालिफाइड मत, हिशेब खरे चित्र दाखवत नाहीत म्हणणारे अॅडव्हर्स, किंवा मत द्यायलाच नकार देणारे डिस्क्लेमर. हिशेब बरोबर आहेत, पण एखादी टीप वाचल्याशिवाय ते समजणारच नाहीत, असे असेल तर 706. क्वालिफाइड मतासाठी ‘सब्जेक्ट टू’ पुरेसे स्पष्ट आणि ठाम नाही, त्याऐवजी ‘एक्सेप्ट फॉर’ म्हणजे ‘अमुक वगळता’ असे लिहा, असेही 705 ने सांगून टाकले.

706 ची अट थोडक्यात अशी. मुद्दा हिशेबांत किंवा टिपांत आधीच मांडलेला असला पाहिजे, तो वाचकाच्या समजुतीसाठी पायाभूत असला पाहिजे आणि त्या बाबतीत हिशेबात मोठी चूक नाही याचा पुरावा ऑडिटरच्या हातात असला पाहिजे. परिच्छेद टिपेकडे बोट दाखवतो आणि ‘याबाबत आमच्या मतात बदल नाही’ असे सांगून थांबतो. टिपेत नसलेली नवी माहिती त्यात घालता येत नाही. माहिती महत्त्वाची असून टिपेत नसेल, तर ती हिशेबातली त्रुटी ठरते आणि प्रकरण 705 कडे जाते.

कागदावर हे सोपे वाटते, पण गाडी घसरते ती ‘टिपेत सगळे सांगितले आहे’ या युक्तिवादावर. एक काल्पनिक कंपनी घेऊ. तिच्यावर बँकेचे 100 कोटींचे कर्ज आहे, दर सरळ 12 टक्के. हप्ते थकले, बँकेने खाते एनपीए म्हणजे अनुत्पादक कर्ज ठरवले. कंपनीने त्या वर्षीचे 12 कोटींचे व्याज पुस्तकात धरलेच नाही आणि करापूर्वी 3 कोटी नफा दाखवला. टीप मात्र अगदी प्रामाणिक: खाते एनपीए आहे, बँकेशी सेटलमेंटची बोलणी चालू आहेत, म्हणून 12 कोटींचे व्याज धरलेले नाही. मॅनेजमेंट म्हणते, लपवले काय आहे? एम्फसिस ऑफ मॅटर द्या.

पण इथे अनिश्चितता नाहीच. बँकेने खाते एनपीए केले म्हणून व्याजाचे उत्पन्न दाखवणे थांबवले, तो तिच्या हिशेबाचा नियम झाला. कर्जदाराची जबाबदारी कर्ज फिटेपर्यंत किंवा बँक ते कायदेशीररीत्या सोडेपर्यंत संपत नाही, त्यामुळे व्याज धरावेच लागते. ऑडिटवर देखरेख ठेवणारी नियामक संस्था एनएफआरए हिने 20 ऑक्टोबर 2022 च्या परिपत्रकात नेमके हेच बजावले. म्हणजे 12 कोटी खर्च कमी, देणे तेवढेच कमी, आणि 3 कोटींचा नफा खरे तर 9 कोटींचा तोटा. टीप कितीही लांब असली तरी ताळेबंदातला आकडा बदलत नाही. इथे किमान क्वालिफाइड मत हवे आणि त्याच्या आधाराच्या परिच्छेदात हे आकडे हवेत. चुकीने हिशेबांचे चित्रच पालटत असेल, तर अॅडव्हर्सचा विचार करावा लागतो.

आता कर्जाऐवजी तीच कंपनी 40 कोटींच्या सीमाशुल्काच्या मागणीविरुद्ध लढते आहे असे धरा. न्यायाधिकरणात सुनावणी बाकी आहे. वकिलांचे लेखी मत आहे की पैसे भरावे लागणे शक्य आहे, पण न लागण्यापेक्षा लागण्याचीच शक्यता जास्त, असे म्हणण्याइतके नाही. म्हणून तरतूद नाही, पण टिपेत रक्कम आणि खटल्याची स्थिती पूर्ण दिली आहे. इथे हिशेब आज जसे असायला हवेत तसेच आहेत. निकाल उलटा लागला तर मात्र कंपनी हादरेल. एम्फसिस ऑफ मॅटर यासाठीच आहे. वर्ष संपल्यावर कारखान्याला लागलेली मोठी आग, किंवा 2020 च्या लॉकडाउनचा धंद्यावरचा परिणाम, ही याच जातीची उदाहरणे. फरक ओळखायला एकच प्रश्न पुरतो: ऑडिटरच्या हाती पेन दिले, तर तो हिशेबात काही बदलेल का?

हा परिच्छेद मागण्याचा मोह का होतो, हेही उघड आहे. क्वालिफिकेशन असेल तर कंपनी कायद्याच्या कलम 134 प्रमाणे संचालक मंडळाला त्याचे स्पष्टीकरण अहवालात द्यावे लागते, आणि लिस्टेड कंपनीला सेबीच्या नियमांनुसार त्या क्वालिफिकेशनचा आकड्यांवरचा परिणाम दाखवणारे निवेदन शेअर बाजाराकडे पाठवावे लागते. एम्फसिस ऑफ मॅटरला यातले काही लागत नाही. ‘सब्जेक्ट टू’ गेले, तरी त्यात आडोसा शोधण्याची सवय इथे येऊन बसली, असे मला वाटते.

706 मधला दुसरा परिच्छेद ‘अदर मॅटर’, त्याचा वंश निराळा. हा परिच्छेद हिशेबांबद्दल बोलतच नाही. तो ऑडिट, ऑडिटरची जबाबदारी किंवा अहवाल यांच्याबद्दल टिपांबाहेरची गोष्ट सांगतो. मागच्या वर्षीचे आकडे दुसऱ्या ऑडिटरने तपासले होते, हे त्याचे नेहमीचे उदाहरण. आपल्याकडच्या एकत्रित हिशेबांत तो हमखास दिसतो: अमुक उपकंपन्या आम्ही तपासल्या नाहीत, त्यांची मालमत्ता आणि उत्पन्न इतके, त्यांच्याबाबत आम्ही इतर ऑडिटरांवर विसंबलो आहोत. आंतरराष्ट्रीय मानकांत समूहाच्या ऑडिटरला जबाबदारी अशी वाटून टाकता येत नाही. दुसऱ्या ऑडिटरच्या कामावर विसंबण्याबद्दलच्या आपल्या एसए 600 ने ती मुभा ठेवली.

1 एप्रिल 2018 पासून सुरू होणाऱ्या वर्षांना 706 ची सुधारित आवृत्ती लागू झाली आणि एम्फसिस ऑफ मॅटरचे क्षेत्र आक्रसले. लिस्टेड कंपन्यांच्या अहवालात ‘की ऑडिट मॅटर्स’, म्हणजे त्या ऑडिटमध्ये सर्वांत महत्त्वाचे ठरलेले मुद्दे, आले, आणि तिथे बसणारा मुद्दा एम्फसिसमध्ये ढकलायला मनाई झाली. कंपनी चालू राहील का, ही मोठी शंकाही आता त्यातून बाहेर पडली आहे. टिपेत ती पुरेशी मांडली असेल, तर ऑडिटर तिच्यासाठी स्वतंत्र मथळा देतो आणि मत बदलत नाही. मांडलेली नसेल, तर क्वालिफाइड किंवा अॅडव्हर्स मत द्यावे लागते.