लांबलेल्या आकडीतील तातडीचे औषध (मिडाझोलम व डायझेपाम)

अपस्माराची आकडी ठरावीक वेळेपेक्षा लांबली, तर ती थांबवण्यासाठी घरी, शाळेत किंवा वाटेत जवळची व्यक्ती देऊ शकेल असे औषध. यासाठी गालाच्या आत सोडायचे मिडाझोलम आणि गुदद्वारातून द्यायचे डायझेपाम ही दोन औषधे मुख्यतः वापरली जातात. दोन्ही मेंदूची उत्तेजना शांत करणाऱ्या बेंझोडायझेपाइन गटातली आहेत. ज्या रुग्णाला डॉक्टरांनी ती लिहून दिली आहेत आणि मात्रा व वेळ सांगणारा लेखी आराखडा दिला आहे, त्याच रुग्णाला ती द्यायची असतात. दुसऱ्याच्या नावाची सिरिंज वापरू नये.

सर्वांगाला झटके देणारी बहुतेक आकडी दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते, तेव्हा औषधाची गरजच नसते. पाच मिनिटे उलटूनही ती चालू असेल, तर आपोआप थांबण्याची शक्यता कमी होत जाते. म्हणून आंतरराष्ट्रीय अपस्मारविरोधी संघाने २०१५च्या व्याख्येत या प्रकारच्या आकडीसाठी पाच मिनिटे ही उपचार सुरू करण्याची सीमा मानली. तीस मिनिटांनंतर मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका धरला जातो. उशिराचा आणखी एक तोटा आहे. ही औषधे मेंदूतील पेशींच्या पृष्ठभागावर, मेंदूला शांत करणाऱ्या गाबा या रसायनाचा संदेश घेणाऱ्या प्रथिनांवर, म्हणजे गाबा ग्राहकांवर काम करतात आणि आकडी जितकी लांबते तितके हे ग्राहक पेशीच्या आत ओढले जातात. पाचव्या मिनिटाला जी मात्रा पुरते, ती विसाव्या मिनिटाला पुरेलच असे नाही. ‘अजून थोडे थांबून पाहू’ हा विचार स्वाभाविक असला, तरी तो औषधाचीच ताकद कमी करतो.

घाबरलेल्या माणसाला एक मिनिटही पाचासारखे वाटते, म्हणून अंदाज चालत नाही. झटके सुरू होताच घड्याळ पाहून वेळ लिहावी. काही रुग्णांच्या आराखड्यात पाचाऐवजी वेगळी वेळ असते, किंवा थोड्या अंतराने सलग येणाऱ्या आकड्यांसाठीही औषध सांगितलेले असते. तेव्हा आराखड्यात असेल तसेच करावे.

एक उदाहरण घेऊ. सात वर्षांच्या मुलाला मिडाझोलम ७.५ मिलिग्रॅम लिहून दिले आहे. सायंकाळी ६ वाजून १० मिनिटांनी झटके सुरू होतात. जवळची व्यक्ती वेळ नोंदवते, आजूबाजूच्या टणक वस्तू बाजूला करते, डोक्याखाली मऊ काही ठेवते आणि कॉलर सैल करते. हातपाय दाबून धरत नाही, दातांत काही घालत नाही, पाणी पाजत नाही. शक्य असेल तर मुलाला कुशीवर वळवते. ६ वाजून १३ मिनिटांनी सिरिंज हाताशी घेते आणि नाव, मात्रा व मुदत वाचते. या मुलाची सिरिंज १ मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम अशी आहे, म्हणजे १.५ मिलिलिटर द्यायचे. हेच औषध १ मिलिलिटरला १० मिलिग्रॅम अशा तीव्रतेतही मिळते आणि त्यात ७.५ मिलिग्रॅमसाठी ०.७५ मिलिलिटर पुरतात. बाटली बदलली आणि मिलिलिटर तेच ठेवले, तर दुप्पट औषध जाते. ही चूक टाळण्यासाठी आधीच भरून येणारी सिरिंज बरी.

६ वाजून १५ मिनिटांनी ती सिरिंजचे टोपण काढून बाजूला ठेवते, कारण ते तोंडात राहिले तर घशात अडकू शकते. सुई लावायची नसते. ओठ हलकेच बाजूला ओढून सिरिंजचे टोक खालची हिरडी आणि गाल यांच्या मधल्या खाचेत ठेवते. जबडा उघडण्याची गरज नाही. सुमारे अर्धे औषध एका बाजूला आणि उरलेले दुसऱ्या बाजूला, सावकाश दट्ट्या दाबत सोडते. घाईने सोडले तर औषध लाळेबरोबर बाहेर वाहते किंवा घशाकडे जाते. फार लाळ असेल तर आधी पुसून घ्यावी. गालाच्या आतल्या पातळ अस्तरातून औषध थेट रक्तात शिरते. गिळले गेलेले औषध आधी यकृतातून जाते, त्यामुळे त्याचा परिणाम उशिरा आणि कमी होतो.

डायझेपाम देताना रुग्णाला कुशीवर ठेवून वरचा गुडघा पोटाकडे वाकवतात. नळीचे टोपण काढून टोकाला वंगण लावतात आणि टोक हळुवार आत घालतात. लहान मुलांत ते अर्धेच घालायचे असते. नळी पूर्ण दाबून, दाब न सोडता बाहेर काढतात, नाहीतर औषध परत नळीत ओढले जाते. नंतर काही मिनिटे नितंब एकत्र धरतात. थोडे औषध नळीत राहणे अपेक्षित असते. बरेचसे बाहेर आले, तर किती आत गेले हे कळत नाही. अशा वेळी पुन्हा न देता रुग्णवाहिका बोलवावी. मुलांवरील तुलनात्मक अभ्यासांत मिडाझोलम किमान डायझेपामइतके प्रभावी ठरले आहे. त्यासाठी कपडे काढावे लागत नाहीत, ही गोष्ट मोठ्या मुलांच्या आणि प्रौढांच्या बाबतीत फार मोलाची आहे.

पुन्हा उदाहरणाकडे येऊ. औषधाचा परिणाम दिसायला काही मिनिटे लागतात. ६ वाजून १९ मिनिटांनी झटके विरळ होऊन थांबतात. आता मुलाला कुशीच्या सुरक्षित स्थितीत ठेवायचे. काळजी घेणारी व्यक्ती शेजारी गुडघे टेकून बसते. मुलाचा तिच्याकडचा हात काटकोनात बाजूला पसरते, पलीकडच्या हाताचा पंजा मुलाच्या अलीकडच्या गालाखाली घेते, पलीकडचा गुडघा उभा करते आणि तो धरून मुलाला आपल्याकडे वळवते. वरचा पाय पुढे वाकलेला राहिला की अंग पालथे पडत नाही. मग हनुवटी थोडी वर करून डोके मागे झुकवते, म्हणजे जीभ श्वासमार्गावर पडत नाही. तोंड जमिनीकडे असल्याने लाळ आणि उलटी बाहेर जाते. खूप झटके चालू असताना हे जबरदस्तीने करू नये.

यानंतर मुलाला एकटे सोडायचे नाही. दोन्ही औषधे श्वास मंदावू शकतात, मात्रा जास्त झाली तर अधिकच. छाती वर-खाली होते का, ओठ निळसर पडतात का, श्वास घोरल्यासारखा अडकतो का, हे पाहत राहावे. अडकत असेल तर आधी डोक्याची स्थिती सुधारावी. झोप येणे अपेक्षित आहे. झोपलेला माणूस सैल पडतो, नियमित श्वास घेतो आणि चिमटा काढल्यावर थोडा हलतो. डोळे एका बाजूला खेचलेले राहिले, पापणी किंवा ओठाचा कोपरा फडफडत राहिला किंवा शरीर ताठच राहिले, तर आकडी संपली नसण्याची शक्यता असते.

औषधानंतर पाच मिनिटांत आकडी थांबली नाही, थांबून पुन्हा सुरू झाली किंवा श्वासाची अडचण दिसली, तर लगेच रुग्णवाहिका बोलवावी. आराखड्यात स्पष्ट लिहिले नसेल तर दुसरी मात्रा देऊ नये, कारण दोन मात्रांनी श्वास थांबण्याचा धोका वाढतो. हे औषध पहिल्यांदाच दिले जात असेल, आयुष्यातली पहिलीच आकडी असेल, गर्भावस्था, डोक्याची जखम, पाण्यातली आकडी किंवा मधुमेह असेल, तर मदत सुरुवातीलाच बोलवावी. मधुमेहात रक्तातली साखरही तपासावी, कारण साखर घसरल्याने आलेले झटके केवळ या औषधाने सुटत नाहीत. रुग्णवाहिकेतील लोकांना आकडी कधी सुरू झाली, औषध किती आणि कधी दिले हे सांगून रिकामी सिरिंज द्यावी, म्हणजे पुढची मात्रा ठरवताना आधीची धरली जाईल.