परत जाणारा फोन आणि ठेवून घेतलेला फोन

‘हा फोन कंपनीने पाठवलाय’ असं एखादा रिव्ह्यूअर म्हणतो, तेव्हा त्याने अर्धीच गोष्ट सांगितलेली असते. पाठवलेला फोन दोन प्रकारचा असतो. एक उसना: कंपनीची पीआर एजन्सी तो थोड्या आठवड्यांसाठी देते, मग कुरिअरने परत मागवते आणि पुढच्या चॅनलकडे धाडते. दुसरा भेट म्हणून आलेला, जो घरातच राहतो. व्हिडिओत दोन्ही अगदी सारखे दिसतात, आणि बोलीभाषेत दोघांनाही रिव्ह्यू युनिटच म्हणतात.

आयकर खातं मात्र या दोघांत गल्लत करत नाही. १ जुलै २०२२ पासून कलम १९४आर लागू झालं, तेव्हाच्या परिपत्रकात इन्फ्लुएन्सरचं उदाहरण देऊन सांगितलं होतं: काम झाल्यावर वस्तू परत केली तर तो लाभ नाही, ठेवून घेतली तर लाभ आहे. एका कंपनीकडून वर्षभरात असे वीस हजारांहून जास्त लाभ झाले की १० टक्के टीडीएस कापला गेला पाहिजे. ग्राहक व्यवहार विभागाच्या जानेवारी २०२३ च्या मार्गदर्शक सूचनाही फुकट मिळालेली वस्तू हा कंपनीशी असलेला संबंधच मानतात, मग ती न मागता आलेली का असेना. तो प्रेक्षकाला सांगणं बंधनकारक आहे.

तरीही भेटीची खरी अडचण पैशाची नाही, अटीची आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये, पिक्सेल ९ येण्याच्या सुमारास, गूगलच्या ‘टीम पिक्सेल’ कार्यक्रमाचा एक फॉर्म बाहेर फुटला. फुकट फोन घेणाऱ्याने प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या फोनऐवजी पिक्सेल दाखवणं त्यात अपेक्षित होतं. दुसरा ब्रँड वरचढ दिसू लागला तर संबंध संपवावे लागतील, असंही लिहिलं होतं. टीका झाल्यावर गूगलने ती भाषा चुकल्याचं मान्य करून काढून टाकली, आणि हा कार्यक्रम पत्रकार-समीक्षकांना फोन देण्याच्या व्यवस्थेपेक्षा वेगळा असल्याचं सांगितलं. ते खरंच होतं. पण पडद्यासमोर बसलेल्याने हे दोन फोन वेगळे ओळखायचे कसे?

उसना फोन म्हणजे सोवळ्यातला, असंही नाही. त्याच्यासोबत सहसा एम्बार्गो येतो, म्हणजे ठरलेल्या तारखेआधी व्हिडिओ टाकायचा नाही. ही अट वेळेची आहे, मताची नाही, त्यामुळे मला ती फारशी खटकत नाही. खटकते ती न लिहिलेली गोष्ट: फार टीका केली तर पुढचा फोन वेळेवर येईलच असं नाही. आणि त्याहून मोठी मर्यादा म्हणजे तो लवकर परत जातो.

बॅटरीचंच बघा. ॲपलच्या म्हणण्यानुसार आयफोन १४ पर्यंतच्या बॅटऱ्या आदर्श परिस्थितीत ५०० पूर्ण चार्ज सायकलनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के राहाव्यात अशा बनवलेल्या आहेत. आयफोन १५ पासून हा आकडा १००० झाला. रोज साधारण एक सायकल धरली तर ५०० ला सोळा-सतरा महिने लागतात. तीन आठवड्यांच्या उसन्या फोनवर वीसेक सायकल होतात. तेवढ्यावर ‘बॅटरी झकास’ म्हणणारा खोटं बोलत नाही, पण तो फक्त नव्या बॅटरीबद्दल बोलतोय. नोव्हेंबरात पुण्यात तपासलेला फोन अकोल्याच्या मे महिन्यात, उन्हात स्टँडवर मॅप लावून कितपत तापतो आणि चार्जिंग कधी थांबवतो, हेही त्याला ठाऊक नसतं. दोन मोठ्या अपडेटनंतर कॅमेरा उघडायला किती वेळ लागतो, हेही नाही.

इथेच पेच आहे: हितसंबंधांच्या बाबतीत त्यातल्या त्यात स्वच्छ असलेला फोन दीर्घ चाचणीच्या कामाचा नाही, आणि चाचणीसाठी हाताशी राहणारा फोन फुकटचा. अमेरिकेतली कन्झ्युमर रिपोर्ट्स ही संस्था चाचणीच्या वस्तू स्वतःच दुकानातून विकत घेऊन हा पेच सोडवते. लहान मराठी चॅनलला प्रत्येक फोन घेणं परवडणार नाही. पण पहिला व्हिडिओ उसन्या फोनवर करावा, त्यातले एक-दोन निवडून स्वतःच्या पैशांनी बाजारातून घ्यावेत, रोजचं सिम त्यात टाकावं आणि सहा महिन्यांनी पुन्हा बोलावं, हे जमण्यासारखं आहे. सहा महिन्यांनी तो फोन विकला तर किती किंमत आली तेही सांगावं. प्रेक्षकाला ते बेंचमार्कपेक्षा जास्त उपयोगी.

त्या दुसऱ्या व्हिडिओत पहिल्याचे दावे एकेक करून तपासले पाहिजेत, आणि उणीव नेमकी आली पाहिजे. ‘कॅमेरा आणखी चांगला हवा होता’ ही उणीव नव्हे, ते कुठल्याही फोनला लागू पडतं. ‘घरातल्या ट्यूबलाइटखाली पळणाऱ्या पोराचा फोटो दर वेळी हलतो’ ही उणीव, कारण ते ऐकून लहान मूल असलेला माणूस हा फोन टाळेल आणि मूल नसलेला तोच बिनधास्त घेईल.

राहिला खुलाशाचा प्रश्न. यूट्यूबवरचा ‘Includes paid promotion’ हा शिक्का फोन परत गेला की राहिला ते सांगत नाही. म्हणून ते तोंडानेच, पहिल्या मिनिटात सांगावं लागतं: ‘फोन कंपनीचा आहे, २० तारखेला परत जाणार. पैसे घेतलेले नाहीत. व्हिडिओ कंपनीला आधी दाखवलेला नाही.’ यातलं एखादं वाक्य खरं नसेल, तर त्या जागी जे खरं आहे ते म्हणावं. वर्णनाच्या तळाशी, ‘आणखी पाहा’ दाबल्यावर दिसेल असं ठेवलं, तर ते सांगितल्यात जमा नाही.