यादीतून तक्ता: मार्कडाउनमधल्या उभ्या रेघेची पार्श्वभूमी

कोकणातल्या फेरीबोटींची माहिती एकत्र करणाऱ्या एका छोट्या मुक्त प्रकल्पात सध्या मार्कडाउन तक्त्याच्या एका ओळीवरून वाद चालू आहे. दाभोळ-धोपावे फेरीची ही ओळ गिटहबवर उघडली की नदीचे नाव गायब होते. तीच फाइल एमकेडॉक्सने बांधलेल्या दस्तऐवजाच्या पानावर पाहिली तर सगळे जागच्या जागी असते. कोणीतरी ती गिटहबपुरती दुरुस्त केली, तर दस्तऐवजाच्या पानावर नको तिथे एक तिरकी रेघ आली. दोन्हीकडचे लोक आपापल्या पडद्याकडे बोट दाखवतात, आणि आपापल्या जागी दोघेही बरोबर आहेत. हा घोळ का होतो हे कळायला थोडे मागे जावे लागते.

२००४ मध्ये मार्कडाउन आले तेव्हा त्यात तक्ता नव्हताच, आणि तो नजरचुकीने राहिला असेही नाही. मार्कडाउनमध्ये थेट एचटीएमएल लिहिता येते हे सांगायला मूळ नियमावलीत जे उदाहरण दिले होते, तेच मुळी `<table>` चे होते. मार्कडाउनचा मजकूर साध्या पत्रासारखा वाचता यावा आणि त्यात न बसणाऱ्या गोष्टींसाठी एचटीएमएल वापरावे, अशी ती वाटणी होती. चार रकान्यांच्या यादीसाठी `<tr>` आणि `<td>` ची माळ ओवायचा कंटाळा लोकांना लवकरच आला. पुढच्या काही वर्षांत विस्तारित आवृत्त्या निघाल्या आणि त्यांतून दोन वाटा फुटल्या. एका वाटेने जुन्या ईमेलमधल्यासारखे टिंबे-रेघांचे चौकोन आखून तक्ता दाखवायचा, दुसरीने फक्त `|` या उभ्या रेघेने रकाने तोडायचे.

पहिली वाट मराठीत लिहिणाऱ्यांना फारशी मानवली नाही. तिथे रकाना कुठे संपतो हे अक्षरे मोजून ठरते, आणि 'वाशिष्ठी' या शब्दाची रुंदी मोजायची कशी हा प्रश्न प्रत्येक संपादकात वेगळा सुटतो. वेलांट्या आणि जोडाक्षरे पडद्यावर जितकी जागा घेतात तितकीच साठवलेली चिन्हे असतात असे नाही, त्यामुळे इंग्रजीत सरळ दिसणारी चौकट देवनागरीत वाकडी होते. उभ्या रेघेच्या तक्त्यात रेघा एकाखाली एक यायची गरज नसते, त्यांची संख्या जुळली की पुरे. मराठी दस्तऐवजात आज हीच पद्धत दिसते त्यामागे माझ्या मते हे मोठे कारण आहे.

२०१४ मध्ये मार्कडाउनचे नियम काटेकोरपणे लिहिणारे कॉमनमार्क आले. त्याच्या गाभ्यात तक्ता घेतला गेला नाही आणि आजही नाही. म्हणजे 'मार्कडाउनचा तक्ता' अशी एक गोष्ट अस्तित्वातच नाही; गिटहबचा तक्ता आहे, एमकेडॉक्स आतून वापरते त्या पायथन-मार्कडाउनचा आहे, पॅनडॉकचे तर चार प्रकार आहेत. गिटहबने आपले नियम मार्च २०१७ मध्ये तपशीलवार लिहून प्रसिद्ध केले. त्याआधीही तिथे तक्ते चालत होते, पण काय चालेल हे तोपर्यंत करून पाहावे लागे.

प्रकल्पातली मूळ यादी अशी होती:

```
१. दाभोळ-धोपावे, वाशिष्ठी
२. वेसवी-बागमांडले, सावित्री
३. जयगड-तवसाळ, शास्त्री
```

पहिला गोंधळ इथेच होतो. कॉमनमार्कच्या नियमात क्रमांकित यादीचा आकडा ० ते ९ या इंग्रजी अंकांनीच लिहावा लागतो. त्यामुळे गिटहबला वरची यादी यादी वाटतच नाही. तीन ओळी सलग जोडल्या जाऊन एक परिच्छेद होतो आणि जयगड दाभोळच्या शेजारी येऊन बसते. पायथन-मार्कडाउन अंक ओळखताना युनिकोडमधला कुठलाही अंक चालवून घेते, म्हणून एमकेडॉक्सच्या पानावर हीच यादी नीट दिसते, फक्त क्रमांक 1, 2, 3 असे येतात. फाइल एकच असूनही एका ठिकाणी यादी आणि दुसऱ्या ठिकाणी परिच्छेद झालेला पाहून कोणीतरी 'तक्ताच करून टाकू' असे सुचवले, आणि ते योग्यच होते. मजकुरात दोन-तीन ठरलेले रकाने असतील तर यादीचा आग्रह धरण्यात अर्थ नाही.

तक्त्याचे किमान नियम दोन्हीकडे सारखे आहेत. पहिली ओळ मथळ्याची, तिच्या खाली आडव्या रेघांची ओळ, मग नोंदी. आडव्या रेघांच्या ओळीत मथळ्याइतकेच रकाने लागतात. ते कमीजास्त झाले तर तक्ता तयारच होत नाही आणि सगळ्या उभ्या रेघा परिच्छेदात जशाच्या तशा दिसतात. दस्तऐवजात असे उघडे `|` दिसले की आधी ही दुसरी ओळ मोजावी. ती बरोबर असेल तर तक्त्याच्या वर कोरी ओळ सोडली आहे का ते पाहावे. वरचे वाक्य आणि मथळा एकमेकांना चिकटले असतील तर गिटहबवर बहुतेकदा निभावते, पायथन-मार्कडाउनमध्ये निभावत नाही.

नोंदींच्या ओळींना मात्र इतकी शिस्त नाही, आणि खरा त्रास तिथूनच येतो. नोंदीत रकाने कमी पडले तर उजवीकडे रिकामे भरले जातात. जास्त झाले तर जादाचा मजकूर टाकून दिला जातो, कसलीही सूचना न देता. अख्खा तक्ता मोडला तर निदान डोळ्यांना दिसते. चांगल्या दिसणाऱ्या तक्त्यातून एक शब्द गळाला तर तो कोणी तरी शोधायला आल्याशिवाय कळत नाही.

फेरीच्या यादीत नेमके हेच झाले. अ‍ॅपमध्ये ही फेरी शोधताना दाभोळ किंवा धोपावे यांपैकी काहीही टाइप केले तरी सापडावी, म्हणून शोधाचा नियम `dabhol|dhopave` असा आहे. 'किंवा' साठी उभी रेघ ही अशा नियमांतली जुनी रीत. तो नियम तक्त्यात घेतल्यावर ओळ झाली:

```
| फेरी | शोध | नदी |
|------|-----|-----|
| दाभोळ-धोपावे | `dabhol|dhopave` | वाशिष्ठी |
```

गिटहब आधी ओळ उभ्या रेघांवर तोडतो आणि मग प्रत्येक तुकड्यात कोड आहे का, ठळक अक्षर आहे का ते बघतो. म्हणून त्याला या नोंदीत चार तुकडे मिळतात: फेरीचे नाव, मग `dabhol` आणि त्याआधीची कोड दाखवणारी एकटी उलटी खूण, मग `dhopave` आणि त्यानंतरची एकटी खूण, आणि शेवटी वाशिष्ठी. मथळ्यात रकाने तीन, म्हणून चौथा तुकडा गेला. नदीच्या रकान्यात 'dhopave' आणि त्याच्या शेपटीला ती सुटी खूण दिसते. सुटी उलटी खूण हीच या दोषाची ओळख.

पायथन-मार्कडाउन उलट वागते. ते आधी कोडच्या खुणांची जोडी ओळखते आणि तिच्या आतली रेघ रकान्याची धरत नाही. पीएचपीमधल्या जुन्या विस्तारित आवृत्तीचीही भूमिका हीच होती: कोडमध्ये जे आहे ते कोड, त्याला बाहेरचा कोणताही नियम लागू नये.

गिटहबच्या लिखित नियमात याचे उत्तर आहे: कोडच्या आत असली तरीही रेघेआधी तिरकी रेघ द्या, म्हणजे `dabhol\|dhopave`. तिथे ते छान दिसते. पायथन-मार्कडाउनमध्ये कोडच्या आतली तिरकी रेघ जशीच्या तशी छापली जाते. वाचणाऱ्याने ती नक्कल करून अ‍ॅपमध्ये टाकली की नियमाचा अर्थच बदलतो. तिरक्या रेघेमुळे 'किंवा' चे साधे चिन्ह बनते, अ‍ॅप 'dabhol|dhopave' हा अख्खा मजकूर शोधू लागते आणि काहीच सापडत नाही.

गिटहबच्या बाजूने बोलायचे तर ओळ आधी तोडणे सोपे आहे, आणि नियम एका वाक्यात सांगता येतो. पण मला तो निर्णय लिहिणाऱ्याच्या जिवावर घेतलेला वाटतो. मार्कडाउनमध्ये इतर सर्वत्र कोडच्या आतला मजकूर अक्षरशः घेतला जातो, तिरकी रेघसुद्धा. फक्त तक्त्यात आल्यावर हे वचन मोडते. कोड लिहायची सगळ्यात जास्त गरज तांत्रिक दस्तऐवजाच्या तक्त्यांतच पडते, हे आणखी एक.

दोन्हीकडे चालणारा मार्ग २००४ च्या मूळ भूमिकेकडेच परत नेतो. उलट्या खुणा सोडून द्यायच्या आणि थेट एचटीएमएल लिहायचे:

```
| दाभोळ-धोपावे | <code>dabhol&#124;dhopave</code> | वाशिष्ठी |
```

`&#124;` म्हणजे तीच उभी रेघ, पण ओळ तोडताना ती रेघ म्हणून दिसत नाही. हे उलट्या खुणांच्या आत वापरायचे नाही, कारण तिथे ते विस्तारले जात नाही आणि `&#124;` असेच छापून येते.

मराठी टंकलेखनाने यात आपली भर घातली आहे. इन्स्क्रिप्ट कळफलकावर इंग्रजी `|` च्या जागी ऑ येतो, म्हणून घाईत काहीजण दंड टाकतात: ।. ओवी-अभंगात चरण संपवणारा हा दंड आणि उभी रेघ अनेक फाँटमध्ये ओळखू येणार नाहीत इतक्या सारख्या दिसतात, पण संगणकाला ती दोन वेगळी चिन्हे आहेत. सगळ्या तक्त्यात दंड असतील तर तक्ता होतच नाही. एका नोंदीतच असतील तर ती पूर्ण नोंद पहिल्या रकान्यात कोंबली जाते आणि पुढचे रकाने रिकामे राहतात. जयगड-तवसाळच्या ओळीचे असेच झाले होते. संपादकात `।` शोधून `|` ने बदलले की काम होते, मात्र तक्त्याबाहेर कुठे अभंगाची ओळ दिली असेल तर सगळे एकदम बदलू नये.

वाद अजून मिटलेला नाही. एक प्रस्ताव `<code>` चा आहे. त्यावरचा आक्षेप असा की नव्याने येणाऱ्याला `&#124;` कशासाठी आहे ते कळणार नाही आणि तो ते 'साफ' करून टाकेल. दुसरा प्रस्ताव शोधाचे नियम तक्त्यातून काढून खाली स्वतंत्र कोडखंडात देण्याचा आहे. तिथे उभ्या रेघेला काही अर्थ नसतो आणि नक्कलही नीट होते. फेऱ्या चारपाच आहेत तोवर दुसरा मला बरा वाटतो. तक्त्याची खूण एका ओळीत मावेल इतकाच मजकूर धरते. त्यात यादी, परिच्छेद किंवा कोडखंड घालता येत नाही, फार तर `<br>` ने ओळ मोडता येते. प्रत्येक फेरीचे नियम वाढत गेले तर ते तसेही तक्त्यात मावणार नाहीत. दरम्यान दिघी-आगरदांडाची नोंद राहिली आहे. ती फेरी राजपुरी खाडीवर चालते, आणि 'नदी' या मथळ्याखाली खाडी लिहायची की मथळाच बदलायचा यावर दुसरा धागा सुरू झाला आहे.