हजार जणांचा एकच प्रश्न

एखादी वेबसाइट बसली की ठरलेलं उत्तर येतं: ‘लोड खूप आला.’ पण कित्येकदा लोड आदल्या मिनिटाला होता तेवढाच असतो. फक्त कॅशेमधली, म्हणजे तयार उत्तरांच्या तात्पुरत्या साठ्यातली, एक नोंद गेलेली असते.

समजा, शेतमालाचे भाव दाखवणारं एक ॲप आहे आणि सकाळी सेकंदाला 500 जण कांद्याचा भाव विचारतायत. सगळ्या बाजार समित्यांचे आकडे गोळा करून उत्तर काढायला डेटाबेसला 2 सेकंद लागतात. म्हणून तयार उत्तर रेडिसमध्ये, म्हणजे थेट मेमरीत, ठेवायचं:

```
SET bhav:kanda "..." EX 60
```

60 सेकंदांनी नोंद आपोआप पुसली जाते. आधी रेडिसला विचारायचं, तिथे नसेल तर डेटाबेसकडे जायचं आणि मिळालेलं उत्तर रेडिसमध्ये ठेवायचं. या पद्धतीला कॅशे-असाइड म्हणतात. भाव बदलला की डेटाबेसमध्ये लिहायचं आणि `DEL bhav:kanda` करून जुनी नोंद काढून टाकायची.

आता 60 सेकंद संपले. पहिल्याने विचारलं, रेडिसकडे काही नाही, तो डेटाबेसकडे गेला. त्याचं उत्तर यायला 2 सेकंद आहेत आणि तेवढ्यात आणखी हजारेक जण येऊन तेच विचारतात. पोस्टग्रेस डेटाबेस मूळ सेटिंगमध्ये एका वेळी 100 जोडण्या घेतो. बाकीच्यांना `FATAL: sorry, too many clients already` दिसतं. आत शिरलेली शंभर कामंही एकमेकांना अडवतात, 2 सेकंदांचं काम लांबतं आणि रांग वाढतच जाते. हा कॅशे स्टॅम्पीड, म्हणजे चेंगराचेंगरी.

23 सप्टेंबर 2010 रोजी फेसबुक सुमारे अडीच तास बंद पडलं, त्यामागे असंच चक्र होतं. डेटाबेसकडून एरर आली की प्रणाली ते मूल्यच चुकीचं समजायची आणि कॅशेमधली नोंद पुसायची. त्यामुळे डेटाबेसवर आणखी प्रश्न, आणखी एरर. शेवटी साइटवरची वर्दळच थांबवावी लागली. म्हणून ‘जरा कॅशे उडवून बघा’ हा आपल्याकडचा लाडका तोडगा मला लिंबू-मिरचीच्या रांगेतला वाटतो. फरक इतकाच, की लिंबू-मिरचीने सर्व्हर पडत नाही.

सरळ उपाय कुलपाचा:

```
SET lock:kanda 7f3a NX PX 5000
```

`NX` म्हणजे ही नोंद आधीपासून नसेल तरच लिही. हजारांपैकी एकालाच ते जमतं, तो डेटाबेसकडे जातो. बाकीचे थोडं थांबून पुन्हा रेडिसला विचारतात. कुलूपवालाच मध्ये कोसळला तर 5000 मिलिसेकंदांनी कुलूप आपोआप सुटतं. पण बाकीच्यांना थांबावं लागलंच.

मला आवडतो तो दुसरा उपाय, वत्तानी, किएरिकेट्टी आणि लोवेनस्टाइन या संशोधकांनी 2015 मध्ये मांडलेला. यात कुणीच कुणासाठी थांबत नाही. नोंद वाचणारा प्रत्येक जण मनाशी एक फासा टाकतो आणि ही अट तपासतो:

```
now - delta * beta * ln(rand) >= expiry
```

`delta` म्हणजे उत्तर काढायला लागणारा वेळ, इथे 2 सेकंद. तो उत्तरासोबतच साठवायचा. किती आधीपासून फासे लागू द्यायचे ते `beta` ठरवतो, तो 1 धरू. `rand` हा 0 ते 1 मधला कुठलाही आकडा. त्याचा लॉगरिथम ऋण असतो, म्हणून वजाबाकीत घड्याळ पुढे सरकतं. अट पूर्ण झाली तर मुदत संपली असं समजून तो एकटा नवं उत्तर आणायला जातो. बाकीचे अजून जिवंत असलेली नोंद वाचत राहतात.

मुदतीच्या t सेकंद आधी एकाने असं करण्याची शक्यता e^(−t/2). 20 सेकंद आधी ती 22 हजारांत एक, 14 सेकंद आधी साधारण अकराशेत एक. सेकंदाला 500 जण फासे टाकत असले, तर पहिली ‘हो’ सरासरी 15 सेकंद आधीच्या सुमारास येते. तो 2 सेकंद काम करतो, तेवढ्यात आणखी एक-दोघांचा फासा लागतो. हजाराऐवजी दोन-तीन प्रश्न! गर्दी कमी असेल तर नोंद संपेपर्यंत कुणाचाच फासा लागणार नाही, पण मग चेंगराचेंगरीही नाही.

मात्र फासे मुदतीवर चालतात, `DEL` वर नाही. भाव बदलला आणि नोंद पुसली, तर ती एका क्षणात गायब होते आणि गर्दी तशीच आदळते. अशा गर्दीच्या नोंदीसाठी राइट-थ्रू बरं: लिहिताना डेटाबेससोबत रेडिसमध्येही नवं उत्तर लगेच ठेवायचं, म्हणजे जागा रिकामी होतच नाही. त्यातही खोच आहे. दोघांनी एकाच वेळी लिहिलं तर डेटाबेसमध्ये दुसऱ्याचा भाव शेवटी पोचतो आणि रेडिसमध्ये पहिल्याचा, असं होऊ शकतं. म्हणून मुदत तरीही ठेवायची. चूक झाली तरी 60 सेकंदांत धुतली जाते. आणि मेमरी भरून रेडिसनेच नोंद काढून टाकली, तर त्या वेळेसाठी कुलूपही हवं.

स्टॅम्पीड ओळखायचा तर रेडिसच्या `INFO stats` मधला `keyspace_misses`, म्हणजे न सापडलेल्या नोंदींचा आकडा, एकदम उसळतो का ते पाहावं, आणि त्याच क्षणी पोस्टग्रेसच्या `pg_stat_activity` मध्ये एकच प्रश्न ओळीने डझनावारी चालू दिसतो का तेही.